नवा लॅपटॉप आलाय. बदलून मिळायची मुदत संपायच्या आत काय काय बघू?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. पोराला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी लॅपटॉप मागवला, ऑनलाइन सेलमध्ये. इंटेलचा आय-फाइव्ह, H अक्षरवाला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. परवा आला. मुदत सात दिवसांची. त्यातही पैसे परत नाहीत, फक्त बदली, आणि तीही कंपनीचा माणूस घरी येऊन 'दोष आहे' म्हणाला तरच.

वरवरचं सगळं पोरानं बघून घेतलं. स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, वायफाय ठीक आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वरून दिसत नाही आणि मुदत संपल्यावर डोकं वर काढतं असं काय असतं, आणि ते याच आठवड्यात मुद्दाम कसं बाहेर काढायचं? यंत्र तापतंय हे खरं. पण बाहेर ४२ अंश आहे. मे महिन्यात सोलापुरात तापत नाही असं काय आहे?

शेंगाचटणी
आमची चटणी तापत नाही. खाल्ल्यावर जरा वेळानं कळतं, ते वेगळं.

चादरबाबा
सगळ्यात आधी बॅटरी. पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, मगच चालू करा. आता केला असेल चालू तर जाऊ द्या. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे आहेत. दुसरा पहिल्यापेक्षा कमी दिसला की समजायचं, कुणीतरी वापरून परत केलेला माल तुमच्या गळ्यात मारलाय. सरळ परत करा.

जुळे_सोलापूरकर
चादरबाबा, टाकलं. पहिला ५०,००० आणि दुसरा ४८,९०० आलाय. म्हणजे वापरलेला?

डबल_पान्हा
नाही हो, इतक्यात घाबरू नका. कमांड बरोबर आहे, अर्थ घाईचा आहे. FULL CHARGE CAPACITY हा बॅटरीतल्या मापकाचा अंदाज असतो. नव्या बॅटरीत तो दोन-तीन टक्के खाली किंवा वरही दिसतो आणि चार-पाच वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर जागेवर येतो. आठ तास चार्जिंगचा नियम जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा, लिथियमला त्याची गरज नाही.

वापरलेला आहे का हे एका आकड्यावरून ठरवू नका, तीन ठिकाणी विचारा. त्याच फाईलमध्ये CYCLE COUNT बघा. काही कंपन्या तिथं रेघच दाखवतात, तेव्हा ते सोडून द्या. मग CrystalDiskInfo नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून एसएसडीचं Power On Hours बघा. नव्या यंत्रात ते दहा-वीस तासांच्या आत असतं. तिसरं म्हणजे खोक्यावरचा सिरीयल नंबर, यंत्राच्या पोटावरचा नंबर आणि हा नंबर, तिन्ही एकच असायला हवेत:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select SerialNumber
```

हे पॉवरशेलमध्ये टाकायचं. मग तोच नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. तुमच्या बिलाच्या तारखेच्या बरीच आधी सुरू झालेली दिसली तर दोन शक्यता. एकतर माल आधी कुणाच्या तरी नावावर लागला होता, नाहीतर कंपनीनं गोदामातून निघालेल्या दिवसापासून मोजायला घेतलं. दुसरं असेल तर बिल पाठवून तारीख दुरुस्त होते. पण हे काम पहिल्या आठवड्यातच करून टाका.

जुळे_सोलापूरकर
तिन्ही नंबर जुळले. एसएसडीचे तास एक आकडी आहेत. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून. म्हणजे माल नवाच आहे. धन्यवाद.

चादरबाबा
पान्हाभाऊ, माझ्या मेव्हण्याचा खरंच वापरलेला निघाला होता. त्याच्यात ४१ हजार होते.

डबल_पान्हा
५० चे ४१ असतील तर तुमचं बरोबरच. अठरा टक्के घट मापकाच्या चुकीनं होत नाही.

सुमन_काकू
माझाही एक प्रश्न विचारते. नातवाचा लॅपटॉप आला तेव्हा आम्ही देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आता त्याच्या स्क्रीनला एक टिपका दिसतोय. कुंकवामुळे परत घेणार नाहीत का? आणि नवीन घ्यायचाच झाला तर कोणता चांगला?

शेंगाचटणी
काकू, टिपका लाल असेल तर तो स्क्रीनचा नाही 😄

डबल_पान्हा
काकू, आधी ओल्या नसलेल्या मऊ फडक्यानं हलकेच पुसून बघा. पुसूनही गेला नाही तर पूर्ण स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक करून आणा. काळ्यावर चमकणारा किंवा पांढऱ्यावर काळा राहणारा बिंदू हा पिक्सेलचा. तो एकच असेल तर बऱ्याच कंपन्या दोष मानत नाहीत. किती बिंदू झाले की बदलायचं हे त्यांनी आपापलं ठरवलेलं असतं. पण मुदतीत असाल तर विक्रेत्याकडे मागणी नोंदवाच. कुंकवाचं म्हणाल तर परत घ्यायला येणारा माणूस ओरखडे आणि डाग बघतो. पुढच्या वेळी खोक्याला लावा. अक्षता कीबोर्डवर टाकल्या असतील तर यंत्र उलटं धरून झटका. कोणता घ्यावा यासाठी वेगळा धागा काढाल का? इथं गर्दी होईल.

सात_रस्ता
म्हणून मी म्हणतो, गावातल्या दुकानातून घ्या. नवी पेठेत समोर उभं राहून उघडून घेतलं असतं, काही झालं तर त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवलं असतं. ऑनलाइनवाला माणूस कुठं शोधणार?

डबल_पान्हा
उघडून घेण्याचा फायदा खरा आहे. पण काउंटरवर नेऊन ठेवलं की लगेच बदली मिळते हे अर्धं खरं. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत दुकानदारही स्वतःच्या हातानं बदलून देऊ शकत नाही. सर्व्हिस सेंटरनं 'आल्यापासून बंद' असं पत्र दिलं, ज्याला सगळे डीओए म्हणतात, तरच त्याला कंपनी नवा पीस देते. ते पत्रही ठरावीक दिवसांतच मिळतं. दुकानदार ओळखीचा असेल तर धावपळ तो करतो, एवढा फरक. तो कमी नाही, कबूल.

आता मूळ प्रश्नावर येतो. जुळे_सोलापूरकर, वरून दिसत नाही असं जे असतं त्यात माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी गोष्ट म्हणजे थंड करण्याची व्यवस्था. पंखा, हीटपाइप, चिपवरची पेस्ट. ब्राउझर आणि वर्डवर हे कधीच कळत नाही. पोरगा जानेवारीत एखादं जड सॉफ्टवेअर चालवेल तेव्हा 'हळू चालतंय' म्हणेल आणि तोपर्यंत मुदत केव्हाच गेलेली असेल. तुम्ही स्वतःच म्हणालात, तापतंय. यंत्राला दहा मिनिटं पूर्ण ताण देऊन ते मोजू या का? आज नको. विंडोजचे सगळे अपडेट संपू द्या, यंत्र एक रात्र चार्जिंगला लावून तसंच ठेवा. पहिल्या दिवशी मागं अपडेट आणि फाईलींची नोंदणी चालू असते, तेव्हा पंखा ओरडतो, बॅटरी उतरते. त्या दिवशी काढलेले आकडे फेकून द्यायच्या लायकीचे असतात.

निवांत
एवढं सगळं करायचं म्हणजे लॅपटॉप घेतला की नवरी बघायला गेलात? चालू होतो, फेसबुक उघडतं, झालं. आणि हे ताणाचे प्रयोग करून नवं यंत्र जाळून बसाल. मग कंपनी म्हणेल तुम्हीच जाळलं.

डबल_पान्हा
जळत नाही. आजचा प्रोसेसर १०० अंशाच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, तरीही चढलं तर बंद पडतो. दहा मिनिटांची चाचणी म्हणजे पोरानं दहा मिनिटं गेम खेळण्याइतकंच. एवढ्यानं जो मरेल तो आत्ताच मेलेला बरा, नाही का?

होटगीची_माई
मी अकाउंट्सचं काम घरून करते. माझ्या नव्या लॅपटॉपला वेगळाच त्रास आहे. बाहेरचा पत्रा धातूचा आहे. चार्जिंगला लावून मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात. चार्जर काढला की थांबतं. परत करायचा अर्ज भरून ठेवलाय, पाठवू का?

डबल_पान्हा
थांबा ताई. चार्जरची पिन तीनच आहे ना? तोच चार्जर, तोच लॅपटॉप ऑफिसमध्ये किंवा नव्या इमारतीतल्या ओळखीच्या घरी लावून बघा. तिथं झिणझिण्या गेल्या तर दोष तुमच्या घरच्या अर्थिंगचा आहे. चार्जरमधून अगदी बारीक गळती नेहमीच होत असते, ती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवी. तार तुटलेली असली किंवा मुळात जोडलेलीच नसली तर ती तुमच्या मनगटातून वाट काढते. बदलून दहा लॅपटॉप आणले तरी तेच होणार. इलेक्ट्रिशियनला बोलवा, लवकर. लॅपटॉपच्या गळतीनं फक्त मुंग्या येतात, पण त्याच सॉकेटवर गिझर असेल तर तो मुंग्यांवर सोडणार नाही.

आणि चांगल्या अर्थिंगवरही येत असतील तर मात्र अर्ज पाठवा, चार्जर बदलून मागा.

मंगळवेढा_एक्सप्रेस
जुन्या वाड्यांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. आमच्याकडे तर काढून टाकलेली होती, बोर्डात बसत नाही म्हणून.

मूळ धाग्यावर: जुळे_सोलापूरकर, मॉडेल व्यनि करा. H वाला आय-फाइव्ह आणि १६ जीबी म्हणताय, माझ्याकडचाच असावा. दिवाळीत घेतलाय. आकडे हवे असतील तर माझ्यावर काढून देतो, तुलना होईल.

जुळे_सोलापूरकर
तोच निघाला! माझी चाचणी झाली. पान्हाभाऊंनी फोनवर सांगितलं तसं केलं. यंत्र लाकडी टेबलावर, चार्जर लावलेला, तापमान आणि वॅट दाखवणाऱ्या HWiNFO64 मध्ये आकडे चालू ठेवून, प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवलं. खोलीत ३८ अंश, कूलर बंद. सुरुवातीला CPU Package Power ६० वॅट दिसलं, मिनिटाभरातच खाली आलं आणि शेवटी १८ वर बसलं. CPU Package तापमान ९८.

पोरगं म्हणतंय ९८ म्हणजे गेलं. मी म्हणतो खोलीच ३८ आहे.

चादरबाबा
९८ म्हणजे पाणी उकळायला दोनच कमी! लगेच परत करा.

निवांत
सगळ्या H वाल्यांचं तसंच असतं बाबा. माझा पण ९५ ला जातो. सोलापूरचं ऊन आहे, कंपनीचा दोष नाही.

डबल_पान्हा
दोघांचंही तापमानाकडेच लक्ष आहे, म्हणून भांडण मिटत नाही. चिप ९८ ला गेली यात काहीच कळत नाही. तिला सांगितलेलंच असतं की १०० पर्यंत जा, मग वॅट कमी करून तिथंच राहा. त्यामुळे चांगलं यंत्रही ९८ आणि बिघडलेलंही ९८. फरक दिसतो तो ९८ वर असताना किती वॅट चाललेत यात. एखादा हमाल घाम गाळतोय म्हणून तो आजारी आहे हे ठरत नाही. पाठीवर पोतं आहे की पिशवी, ते बघायला हवं.

आता उन्हाचं. मी दुकानात एक साधा भागाकार करतो. चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं, उरलेल्याला वॅटनं भागायचं. तुमचं: ९८ वजा ३८ म्हणजे ६०, भागिले १८, उत्तर ३.३. म्हणजे एक वॅट बाहेर टाकायला यंत्राला सव्वातीन अंश चढावं लागतंय. खोली आधीच वजा केल्यामुळे ऊन हिशेबातून निघून जातं. हिवाळ्यातही हेच उत्तर यायला हवं, थोडं इकडंतिकडं.

३.३ चांगलं की वाईट हे मी असं हवेत सांगणार नाही. पातळ यंत्रांचं जास्त असतं, जाड गेमिंगवाल्यांचं कमी. त्यासाठी तेच मॉडेल हवं. मंगळवेढा_एक्सप्रेस, काढता का?

आणि जुळे_सोलापूरकर, दोन गोष्टी सांगा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पंख्याचा मोड कोणता होता? शांत मोडवर मुद्दाम पंखा हळू आणि वॅट कमी ठेवतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. आणि कुणाकडे एसी आहे का? एकदा गार खोलीत हीच चाचणी करा.

मंगळवेढा_एक्सप्रेस
काढले. खोली ३३ (आमच्याकडे मातीची भिंत आहे, जळा!). सर्वात वेगवान मोड, दहा मिनिटं. शेवटी ४२ वॅट, ९३ अंश.

शेंगाचटणी
६० भागिले ४२. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं भागाकार कामाला येईल, आज पटलं. १.४ आलं.

जुळे_सोलापूरकर
बहिणीकडे विजापूर रोडला एसी आहे, तिथं नेला. खोली २८. काल मोड मधला होता, आज सर्वात वेगवान ठेवला. शेवटी २१ वॅट, ९७ अंश. ६९ भागिले २१ म्हणजे ३.३ च. बहीण विचारतेय, लॅपटॉपला एसी खायला घालायला आणलास का.

डबल_पान्हा
झालं. दहा अंश गार खोलीत नेऊनही तेच उत्तर, मोड बदलूनही वॅट जवळपास तेवढेच, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्रात उत्तर निम्म्याहून कमी. हे ऊन नाही. तुमच्या यंत्रात उष्णता बाहेर पडायची वाट कुठंतरी अडलीय. पेस्ट नीट बसली नसेल, हीटसिंकचा स्क्रू ढिला असेल किंवा पंखा. या मॉडेलला पंखे दोन आहेत ना?

HWiNFO64 मध्ये पंख्याचे फेरे दिसतात का? पुष्कळ लॅपटॉपमध्ये दिसत नाहीत. दिसत नसतील तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी कापा, यंत्र पूर्ण ताणावर असताना मागच्या डाव्या आणि उजव्या जाळीसमोर धरा.

जुळे_सोलापूरकर
फेरे दिसत नाहीत. पट्टी धरली. उजवीकडे फडफडते. डावीकडे हलत पण नाही. कान लावला तर डावीकडे आवाजच नाही! हे पहिल्या दिवशीच लक्षात यायला हवं होतं का?

डबल_पान्हा
येत नाही. एक पंखा चालू असतो, आवाज येतो, वारा येतो, माणूस समजतो दोन्ही चाललेत.

आता यापुढचं महत्त्वाचं. कंपनीचा माणूस येईल, त्याला भागाकार दाखवू नका, टिश्यू पेपर तर नकोच. तो म्हणणार 'नॉर्मल आहे, उन्हाळा आहे' आणि दोष नाही असं लिहून जाईल. त्याच्या कंपनीचीच चाचणी त्याला दाखवा. यंत्र बंद करून चालू करताना कंपनीची स्वतःची तपासणी सुरू होते. डेलला F12 दाबून यादीतून निवडायची, एचपीला F2, लेनोवोच्या अनेक मॉडेलना F10. काहींची विंडोजमधल्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच असते. त्यात पंख्याची वेगळी चाचणी निवडा. नापास झाला तर पडद्यावर एक कोड येतो. त्या कोडचा फोटो काढा, सिरीयल नंबर त्याच फोटोत येऊ द्या. तो कोड कंपनीनंच ठरवलेला असतो, त्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

एक मर्यादा सांगून ठेवतो. पेस्ट नीट नसेल तर ही तपासणी बऱ्याचदा पास होते, कारण पंखा फिरतोय एवढंच ती बघते. तुमचा पंखाच अडकलाय म्हणून तुम्ही सुटलात.

जुळे_सोलापूरकर
केलं. पहिला पंखा पास, दुसरा नापास. कोड आला, फोटो काढला. बदलीची विनंती नोंदवली. उद्या माणूस येणार म्हणाले.

सात_रस्ता
येऊ द्या, मग बघा. माझ्या भाच्याच्या वेळी आलेला माणूस पाच मिनिटांत 'सॉफ्टवेअर अपडेट करा' सांगून गेला होता.

निवांत
बरं, पंखाच आहे ना? कंपनी फुकट बदलून देईल, तासाभराचं काम. त्यासाठी अख्खं यंत्र पुण्याला पाठवून पंधरा दिवस वाट कशाला बघायची? पोराचं काम अडेल. मी तर दुरुस्तीच घेईन.

होटगीची_माई
निवांत, एरवी तुमचं पटत नाही, पण हे पटतंय.

मंगळवेढा_एक्सप्रेस
मला नाही पटत. नव्याचे पैसे दिलेत. पहिल्या आठवड्यात मागचं झाकण उघडलेलं यंत्र म्हणजे दुरुस्त केलेलं यंत्र. शिवाय एक पंखा बंद ठेवून कारखान्यातून बाहेर पडलं, म्हणजे तिथली तपासणी झालीच नसणार. अजून काय राहिलंय कुणाला माहीत?

डबल_पान्हा
माझं मत मंगळवेढ्याच्या बाजूनं, पण निवांत म्हणतात ते वेडेपणाचं नाही. काहींना खरंच वेळ नसतो. फक्त क्रम लक्षात ठेवा. बदलीची विनंती चालू असताना त्याला यंत्र उघडू देऊ नका. दुरुस्ती झाली की बहुतेक ठिकाणी 'दोष दूर झाला' म्हणून बदलीची विनंती बंद करतात, आणि तोपर्यंत सात दिवस उलटलेले असतात. दुरुस्ती पुढं वर्षभर वॉरंटीत मिळणारच आहे, बदली मात्र आत्ताच. तो म्हणाला 'लगेच पंखा टाकतो' तर म्हणा, आधी अहवालात कोड लिहा. न लिहिता गेला तर विक्रेत्याकडे लेखी तक्रार, आणि तिथंही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

जुळे_सोलापूरकर
माणूस येऊन गेला. म्हणाल्याप्रमाणे पहिलं वाक्य 'उन्हाळा आहे साहेब'. फोटो दाखवला, मग त्यानं स्वतः तपासणी लावली, तोच कोड आला. पंखा बदलतो म्हणाला, पार्ट पुण्याहून दोन दिवसांत येईल म्हणाला. मी अहवाल मागितला. दिला. संध्याकाळी बदली मंजूर झाल्याचा मेसेज आला. बायकोनं त्याला कडक भाकरी खाऊ घातली, त्याचा वाटा किती ते माहीत नाही.

आता जुना पीस न्यायला येणार आहेत. देण्याआधी काय करू?

डबल_पान्हा
छान. पोरानं सोबत आलेलं ऑफिस आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केलंय का? केलं नसेल तर हात लावू नका. ते एकदा खात्याला जोडलं की त्या यंत्राबरोबर अडकतं, नव्या पीसचं वेगळं येईल. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, तपासणी संपेपर्यंत ऑफिस चालू करायचं नाही.

मग Settings मध्ये Reset this PC, त्यात Remove everything. विंडोज ११ खात्यानं लॉगिन केल्यावर बऱ्याच यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद करतं, त्यामुळे पुसणं सोपं जातं. शेवटी account.microsoft.com वर जाऊन यादीतून ते यंत्र काढून टाका. खोकं, थर्माकोल, चार्जर, चार्जरची वायर, वॉरंटीचा कागद, सगळं त्याच खोक्यात. नेणाऱ्यासमोर सिरीयल नंबर वाचत व्हिडिओ काढा.

जुळे_सोलापूरकर
ऑफिस चालू केलेलं नाही. पोरगं नुसतं सिनेबेंच चालवत बसलंय तेव्हापासून, मित्रांचेही लॅपटॉप आणून भागाकार करतंय. एकाचा २.१ आलाय, दुसऱ्याचा १.७. त्याला विचारायचंय, किती आल्यावर काळजी करायची?

डबल_पान्हा
मॉडेल वेगळे असतील तर तुलनाच करू नये. २.१ पातळ यंत्राला चालून जाईल, जाड गेमिंगवाल्याला मी उघडून बघेन. त्याच यंत्राचं आजचं उत्तर लिहून ठेवायला सांगा. वर्षभरानं १.७ चं २.४ झालं तर धूळ साठलीय किंवा पेस्ट सुकलीय.

चादरबाबा
माझ्या मेव्हण्याचा ४.० आला. त्यानं गादीवर ठेवून केलं.

शेंगाचटणी
गादीवर? बाबा, नावाला जागताय. निदान चादर तरी सोलापुरी आहे ना?

सुमन_काकू
मऊ फडक्यानं पुसला, टिपका गेला. कुंकूच होतं. पण रंग आणून बघितले तेव्हा डाव्या कोपऱ्यात काळ्यावर पांढरट उजेड दिसतोय, ढगासारखा. हा पण पुसून जाईल का?

डबल_पान्हा
तो पुसून जायचा नाही, काकू. स्क्रीनच्या मागचा दिवा कडेनं झिरपतोय. खोलीत पूर्ण अंधार करा, काळा रंग आणा, उजेड पन्नास टक्क्यांवर ठेवून समोरून फोटो काढा. मग मान जरा डावीकडे-उजवीकडे करून बघा. जागा बदलत गेला तर तो त्या प्रकारच्या पडद्याचा स्वभाव आहे, त्यावर कुणी बदलून देत नाही. एकाच जागी राहिला आणि सिनेमा बघताना खुपत असेल तर मागणी नोंदवा. मुदत कधी संपतेय?

सुमन_काकू
उद्या.

डबल_पान्हा
मग फोटो नंतर काढा. आधी आज रात्रीच विनंती नोंदवून टाका.